'सक्तीची लष्करभरती' की 'अनिवार्य सैन्यसेवा'?

मेधा (इंदूर): आमच्या मंडळात वादसभा आहे, विषय कॉन्स्क्रिप्शन. मराठीत काय म्हणावे? इथली हिंदी वर्तमानपत्रे वाचून 'अनिवार्य सैन्यसेवा' हेच तोंडी बसले आहे. आणि स्वीडनने 2010 मध्ये ती बंद केली, मग परत का आणली?

विनायक: 'सक्तीची लष्करभरती' म्हणा. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया घेतला, स्वीडन घाबरला, एवढेच. आता अठराव्या वर्षी तिथल्या प्रत्येकाला छावणीत जावे लागते.

सुलभाताई (महू): माझा भाचा अग्निवीरची तयारी करतोय. चार वर्षांनी बहुतेकांना घरी पाठवतात. ही सक्तीच नाही का?

दत्ताकाका: ताई, अर्ज भाचा स्वतः करतो, म्हणून ती स्वेच्छेचीच भरती. मुदत थोडी असली म्हणून सक्ती होत नाही.

विनायक, क्रिमिया खरे, पण अर्धे. स्वीडनला सैनिक मिळेनात. 2016 मध्ये वर्षाला सुमारे 4,000 हवे होते, आले अडीच हजारांच्या आसपास. बाहेर बऱ्या नोकऱ्या असल्या की पगारी सैन्य त्यांच्याशी स्पर्धा करते आणि आलेलाही लवकर सोडून जातो. शिवाय दरवर्षी शिकून बाहेर पडणारे थोडेच, त्यामुळे राखीव फौजही आटते. शेजारच्या फिनलंडने सक्ती कधीच सोडली नाही. पंचावन्न लाखांचा देश, पण युद्धात 2,80,000 सैनिक उभे करण्याची त्याची योजना आहे. एवढी पगारी फौज शांततेत पोसणे त्याला परवडणार नाही.

आणि स्वीडनमध्ये सगळे छावणीत जात नाहीत. मुलगे-मुली दोघांनाही प्रश्नावली भरावी लागते. 2018 साठी साधारण 13,000 जणांना तपासणीला बोलावून 4,000 निवडायचे ठरले. म्हणून 'भरती' शब्द मला खटकतो. सक्ती आहे ती प्रश्नावली भरण्याची, बोलावल्यावर जाण्याची आणि निवडल्यास सेवा करण्याची. मी 'सक्तीची लष्करसेवा' लिहीन.

विनायक: पटले. पण मग लाखभर मुलांतून थोड्यांचेच वर्ष जाते. बाकीचे कॉलेजात. हा न्याय कसा?

दत्ताकाका: हीच या पद्धतीची दुखरी जागा. निवडताना इच्छा विचारतात, त्यामुळे बरेचसे आवडीने जातात. तरी नको असलेल्यालाही कायदा नेऊ शकतो. फिनलंडमध्ये बहुतेक मुलगे जातात, तिथे हा प्रश्न कमी बोचतो, पण मुलींना सक्ती नाही, म्हणून वाद आहेच. सरकारचा पगार वाचतो तो खर्च त्या मुलांच्या बुडालेल्या महिन्यांत जातो. शिवाय वर्षभरात अवघड यंत्रणा हाताळणारा तज्ज्ञ तयार होत नाही, म्हणून स्वीडनने पगारी सैनिकही ठेवलेच.

मेधा: मग 'अनिवार्य' का नको? अर्थ तोच ना?

विनायक: माझ्या कानाला 'अनिवार्य'मध्ये कोण भाग पाडतो ते लपते.

दत्ताकाका: मला तसे वाटत नाही. सभेत दोन्ही चालतील, 'भरती' मात्र टाळा.