मदत हवी आहे: व्हीपीएन जोडला जातो, पण ऑफिसचं फोल्डर उघडत नाही

नमस्कार मंडळी. सोलापुरात टॉवेल-चादरीच्या एका छोट्या कारखान्यातले कॉम्प्युटर मी सांभाळतो. स्टाफसाठी व्हीपीएनच्या नेहमीच्या प्रश्नांचं पान लिहितोय. इन्स्टॉल, लॉगिन, चुकीचा पासवर्ड हे सगळं लिहून झालं. एका प्रश्नावर अडलोय.

अकाउंट्सच्या ताई घरून जोडतात तेव्हा Connected दिसतं, पण सर्व्हर 192.168.1.10 उघडत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर मात्र लगेच उघडतो. त्यांना घरच्या वायफायवर `ipconfig` चालवायला लावलं, तर IPv4 Address 192.168.1.5 आला. म्हणजे घरचं आणि ऑफिसचं नेटवर्क एकाच पट्ट्यातलं. त्यामुळे कॉम्प्युटर सर्व्हरला घरातच शोधत बसतो, व्हीपीएनकडे जातच नाही.

प्रत्येकाला घरच्या राउटरमध्ये हात घालायला लावणं मला पटत नाही. ऑफिसचाच पट्टा 192.168.77 करावा म्हणतोय. पण प्रिंटर आणि हजेरीच्या मशीनला पत्ते हाताने दिलेले आहेत. कुणी असा बदल केलाय का? कोणत्या क्रमाने केला, म्हणजे एका सुट्टीत उरकेल? आणि तोवर पानावर "हॉटस्पॉटवर जोडून बघा" एवढं लिहिलं तर चालेल का?