मदत हवी आहे: प्रमाण आयडी मिळाला, तरी आईचा डिजिटल हयातीचा दाखला बँकेने नाकारला

गोदाकाठ (धागाकर्ता)
माझी आई ७६ वर्षांची असून नाशिकला असते. वडील केंद्र सरकारच्या सेवेतून निवृत्त झाले होते आणि त्यांच्या निधनानंतर, म्हणजे गेली दोन वर्षे, तिला कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. गेल्या वर्षी सेवा केंद्रात तिचे अंगठे यंत्रावर उमटलेच नाहीत, म्हणून शेवटी बँकेत जाऊन कागदी दाखला द्यावा लागला. यंदा मी माझ्या अँड्रॉइड फोनवर Jeevan Pramaan आणि AadhaarFaceRD ही दोन्ही ॲप घेतली. आधी माझा चेहरा ऑपरेटर म्हणून नोंदवला, नंतर आईचा आधार क्रमांक आणि इतर माहिती भरून तिचा चेहरा टिपला. प्रमाण आयडीचा संदेश लगेच आला, त्यामुळे काम झाले असे समजून मी पुण्याला परतलो. सहा दिवसांनी मात्र दाखला नाकारल्याचा बँकेचा संदेश आला आणि त्यात कारण दिलेले नाही. चेहरा नीट जुळला नसेल का? आता बोटांच्या ठशांचे यंत्र विकत घ्यावे काय?

जुनाजाणता
चेहऱ्याचा दाखला बँका मानत नाहीत, असा माझा अनुभव आहे. ठशांचे यंत्र घ्यावे. मात्र ते एल-१ प्रकारचे असावे, कारण जुनी एल-० यंत्रे आता चालत नाहीत.

लेखाशाखा_निवृत्त
यंत्राबद्दलचे वरील म्हणणे बरोबर आहे, परंतु चेहऱ्याबद्दलचे नाही. चेहरा पडताळणीची सोय नोव्हेंबर २०२१ पासून उपलब्ध आहे, आणि चेहरा, बोट किंवा डोळ्याची बुबुळे यांपैकी कशानेही दाखला काढला तरी तो सारखाच ग्राह्य असतो. शिवाय चेहरा जुळला नसता, तर प्रमाण आयडी तयारच झाला नसता.

आधारची पडताळणी फक्त एवढेच सांगते की कॅमेऱ्यासमोरची व्यक्ती त्या आधार क्रमांकाचीच आहे. पीपीओ क्रमांक, खाते क्रमांक, निवृत्तिवेतनाचा प्रकार आणि वितरण करणारी बँक ही माहिती आपण हाताने भरतो. ती बँकेच्या नोंदीशी पुढे ताडली जाते आणि तेथे विसंगती आढळली की दाखला नाकारला जातो. म्हणून प्रमाण आयडी ही पोच समजावी, मंजुरी नव्हे. आपण Type of Pension या रकान्यात काय निवडले होते, ते कृपया सांगावे.

गोदाकाठ
jeevanpramaan.gov.in वर प्रमाण आयडी टाकून दाखला उतरवून घेतला. त्यावर Service असे आहे. वडिलांचाच पीपीओ पुढे चालू असल्याने मला तेच योग्य वाटले होते.

लेखाशाखा_निवृत्त
मग बहुधा तेच कारण आहे. Service म्हणजे स्वतःच्या नोकरीचे निवृत्तिवेतन. आईंसाठी Family निवडायला हवे होते. खाते क्रमांकही तपासावा, कारण वडिलांच्या जुन्या संयुक्त खात्याचा क्रमांक पासबुकावरून उतरवला जाण्याची चूक अनेकांकडून होते. तयार झालेला दाखला दुरुस्त करता येत नाही. अचूक माहिती भरून नवा काढावा. त्यासाठी आई पुन्हा कॅमेऱ्यासमोर हव्यात, एवढीच अडचण आहे.

वैशाली_सातारा
माझ्या वडिलांचे ईपीएस-९५ चे निवृत्तिवेतन आहे आणि आम्ही दाखला मे महिन्यात देतो. नोव्हेंबरची एवढी घाई कशासाठी?

लेखाशाखा_निवृत्त
ईपीएस-९५ मध्ये दाखला वर्षात केव्हाही देता येतो आणि तो दिल्यापासून वर्षभर चालतो. केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांसाठी मात्र नोव्हेंबर ठरलेला आहे. ८० वर्षांवरील व्यक्तींना १ ऑक्टोबरपासून देता येतो. मुदत टळल्यास निवृत्तिवेतन थांबते, पण दाखला पोहोचला की थकबाकीसह पुन्हा सुरू होते.

जुनाजाणता
आमच्याकडे तर चेहरा टिपलाच जात नव्हता. AadhaarFaceRD फोनवर दिसतच नाही म्हणून मी ते तीनदा उतरवले.

लेखाशाखा_निवृत्त
त्या ॲपचे चिन्ह फोनच्या पडद्यावर येत नाही. ते पाठीमागे चालते. चेहरा टिपताना पाठीमागे खिडकी नको, प्रकाश समोरून हवा, चष्मा काढावा आणि सूचना येताच डोळ्यांची सावकाश उघडझाप करावी. एवढे करूनही ३३० हा त्रुटी क्रमांक आला, तर आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद आहे असे समजावे आणि ते आधी mAadhaar मधून उघडावे.

गोदाकाठ
काल नाशिकला जाऊन आलो. खाते क्रमांक बरोबरच होता. Family निवडले, पुनर्विवाहाच्या प्रश्नाला ‘नाही’ उत्तर दिले. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आईला प्रकाश सहन होत नसल्याने उघडझाप तिसऱ्या प्रयत्नात नोंदली गेली. नवा प्रमाण आयडी आला आहे; बँकेचा संदेश अद्याप आलेला नाही. तो २५ तारखेपर्यंत न आल्यास काय करावे?

लेखाशाखा_निवृत्त
नव्या दाखल्याची छापील प्रत घेऊन शाखेत विचारावे आणि पुन्हा नाकारला असल्यास कारण लेखी मागावे. आईंच्या नावाचे स्पेलिंग बँकेत आणि आधारवर एकच आहे ना, हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

गोदाकाठ
आधारवर वडिलांचे नाव मधले म्हणून आहे, पासबुकावर नुसते आद्याक्षर. ते आड येईल का, हे शाखेत विचारून येथे कळवतो.