'डी' बँडला 'दोषपट्टा' म्हणायचं का?

कोरा कागद: ग्राफिनवरच्या एका लेखाचं भाषांतर करतेय. हिरव्या लेझरचा रामन आलेख आहे, १३५० प्रति सेंटिमीटरजवळ छोटासा डी, १५८० जवळ जी आणि २७०० जवळ उंच टू-डी. मी डीला 'दोषपट्टा' लिहिलं आणि टू-डीला 'द्विमितीय पट्टा'. दुसऱ्यावर संपादकांनी काट मारली. ग्राफिन द्विमितीयच असतं ना, मग चुकलं काय?

लॅबवाला: काट बरोबरच आहे. तिथला टू-डी म्हणजे दोनदा डी, मितीशी काही घेणंदेणं नाही. डीमध्ये एक फोनॉन, म्हणजे अणूंच्या जाळीतल्या कंपनाचा एक हिस्सा, असतो आणि त्याचं मोमेंटम जुळवायला जाळीत कुठेतरी दोष लागतो. टू-डीमध्ये दोन फोनॉन एकमेकांच्या उलट दिशेने जातात, हिशोब आपसातच मिटतो, दोष लागतच नाही. म्हणून निर्दोष ग्राफिनमध्ये डी गायब असतो तरी टू-डी चांगला उंच दिसतो.

सोनचाफा: 'दोष' फार पुस्तकी वाटतं हो. आमचे आजोबा सोनार, ते 'खोट' म्हणायचे. 'खोटपट्टा' करा की.

जुनाजाणता: खोट म्हणजे भेसळ, सोन्यात तांबं मिसळतात ती. इथे अणूच जागेवर नाही, भेसळ कसली? आणि सरळ सांगायचं तर डी जीपेक्षा जितका उंच तितके दोष जास्त आणि थरही जास्त.

लॅबवाला: दोषांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. डी हे सहा कार्बनच्या कड्याचं आकसणं-फुगणं आहे, दोष वाढले की आधी तो चढतो, पण फारच वाढले तर कडीच मोडतात आणि डी परत उतरतो. तेव्हा नुसतं गुणोत्तर कमी बघून नमुना चांगला म्हणू नये, शिखरं पसरट झालीत का ते बघावं. थरांचं मात्र डीवरून ठरत नाही, टू-डीचा आकार बघतात. एका थराला एकच अरुंद शिखर, रुंदी साधारण २५-३०, दोन थरांना चार शिखरं एकात एक मिसळून खांदा आलेला दिसतो. तेही थर ग्राफाइटसारखे नीट रचलेले असतील तरच, एकमेकांवर वळलेले असले तर दोन थरही एकाच शिखराने फसवतात.

रातकिडा: माझंच सांगतो. चिकटपट्टीने सोललेल्या तुकड्यावर डी आला, वाटलं नमुना वाया गेला, दोन दिवस डोकं धरून बसलो. लेझरचा ठिपका साधारण एक मायक्रॉनचा आणि तो नेमका तुकड्याच्या काठावर पडला होता. तीनेक मायक्रॉन आत सरकवला, डी गेला. काठ हाही दोषच.

सोनचाफा: मग काठालाही खोट म्हणणार का? मला तर पटतंय.

जुनाजाणता: काठ म्हणजे काठ. लुगड्याला काठ असतो, ती काय त्याची खोट झाली?

कोरा कागद: म्हणजे 'दोषपट्टा' केलं तर टू-डी 'दुहेरी दोषपट्टा' होईल, आणि तो तर दोष नसतानाच उठून दिसतो. मी नुसतं 'डी-पट्टा' ठेवते मग.

रातकिडा: पट्टा तरी कशाला? आलेखात दिसतो तो सुळका आहे.