अनुभव धागा: घरच्या कार्यासाठी साहेबांकडे रजा कशी मागितली?

मकरपुरावाला
आमच्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा काल विचारत होता, "बहिणीचं लग्न आहे, रजेचं काय लिहू?" त्यावरून तीन-चार वर्षांपूर्वीची भाच्याची मुंज आठवली. मुंज पुण्याला, 10 मे. मी एका लहान पॅकेजिंग कारखान्यात हिशेब बघतो. जीएसटीआर-1 ची मुदत 11 तारीख, म्हणजे बरोबर कार्याच्या दुसऱ्या दिवशी. मामा असून न जाणं शक्य नव्हतं.

मेल एप्रिलच्या मध्यालाच टाकली. ती साधारण अशी होती:

"भाच्याच्या मुंजीसाठी 8 ते 12 मे रजा हवी आहे, 13 ला सकाळी हजर होईन. एप्रिलचा टीडीएस 6 ला भरून चलन फाइलला लावतो. जीएसटीआर-1 ची मुदत 11 आहे, पण मी 7 ला दुपारी चार वाजता भरणार. ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो, तेव्हा ती दहा मिनिटं आपण ऑफिसात असावं. त्यासाठी एप्रिलची सगळी बिलं आणि क्रेडिट नोट 5 च्या संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलावर हवीत. ई-वे बिलं डिस्पॅचचा मुलगा काढेल. 3बी ची मुदत 20 आहे, ते मी आल्यावर. रोज संध्याकाळी सात ते साडेसात फोन घेईन, 10 तारखेला मात्र नाही."

साहेबांनी एकच प्रश्न विचारला: 7 ला मी राजकोटला असलो तर? मग भरणं सकाळी अकरावर आणलं. रजा मंजूर.

आपापले अनुभव लिहा, घाईत लिहिलं तरी चालेल.

खारीशेंग
एकदम मुद्देसूद. पण दादा, एक दिवस उशीर झाला असता तर रोजचे 50 रुपये लेट फी, एवढंच ना? त्यासाठी 7 ची एवढी धावपळ कशाला? 12 ला रात्री येऊन भरलं असतं.

मकरपुरावाला
लेट फी मालक भरेलही. अडचण गिऱ्हाइकाची होते. 11 पर्यंत आपलं भरलं गेलं नाही, तर 14 ला त्याचं 2बी तयार होतं त्यात आपलं बिल नसतं. त्याला त्या महिन्यात क्रेडिट मिळत नाही, मग तो आपलं पेमेंट अडवतो. आमचा एक मोठा गिऱ्हाइक तर 2बी बघितल्याशिवाय चेक काढतच नाही. "बिल दिसत नाही" असे फोन 14 नंतर सुरू होतात, म्हणून 13 ला परत येणं मी मुद्दाम लिहिलं होतं.

रावपुऱ्याची_माई
मुंज पुण्याला का केली हो? दांडिया बाजारात काय कमी आहे! आमच्या नातवाची इथेच झाली, सकाळी पाहुण्यांना सेव उसळ दिली, पुण्याचे व्याही तीनदा मागून घेत होते.

मकरपुरावाला
माई, बहिणीचं सासर तिकडचं. सेव उसळीचा मसाला मात्र मी इथून नेला होता.

नंदेसरी_सी_शिफ्ट
आमच्याकडे मेलबिल नाही, कागदी फॉर्म आणि बदली माणसाची सही. केमिकल प्लांट, पॅनेलवर माणूस पाहिजेच. धाकट्या भावाच्या लग्नाला मी चार दिवसांचे चार बदली मिळवले आणि नावं लिहून दिली. शिफ्ट इन्चार्जने दोन नावं खोडली. एक रात्रपाळी करून सकाळी लगेच माझ्या जागी उभा राहणार होता, आणि दुसऱ्याने आमच्या सेक्शनचं पॅनेल कधी चालवलंच नव्हतं. तेव्हा राग आला होता, पण त्याचं बरोबर होतं. शेवटी जनरल शिफ्टच्या एका जाणत्या माणसाला एक दिवस माझ्या पाळीत घेतलं, आणि हळदीच्या दिवशी मी कामावर गेलो. लग्न मिळालं, हळद गेली.

आजवा_रोड
अरेरे, हळद गेली म्हणजे अर्धं लग्नच गेलं. भाऊ काय म्हणाला?

नंदेसरी_सी_शिफ्ट
काही नाही. रात्री दीडला मी आलो तेव्हा तो जागा होता, माझ्या गालाला हळद लावली.

खारीशेंग
पण 15 दिवस आधी अर्ज दिला की कायद्याने रजा नाकारता येत नाही ना?

निवृत्त_बँकवाला
अर्धं बरोबर आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात 15 दिवस आधी लेखी अर्ज असं होतं, पण ते हक्काच्या भरपगारी रजेसाठी, आणि वर्षातून तीनच वेळा. शिवाय कारखान्याची रजेची ठरलेली योजना असेल तर तिच्यात बसावं लागतं. भावाच्या लग्नाच्या तारखेची हमी त्यात कुठेच नाही.

आमच्या बँकेत प्रश्न चावीचा असे. तिजोरीच्या चाव्या दोघांकडे, एकाला दुसऱ्याची घेता येत नाही. मुलीच्या लग्नाच्या अर्जात मी पहिलीच ओळ लिहिली होती की चावी कोण घेणार आणि कोणत्या संध्याकाळी रोकड मोजून रजिस्टरवर सह्या होणार. मॅनेजरने तारखा नंतर वाचल्या.

शाळेतली_मीना
माझा मुलगा चौथीत आहे, मावशीच्या लग्नाला आठ दिवस जायचंय. वर्गशिक्षिकांना अर्जात कामाचं नियोजन पण लिहायचं का? परीक्षा मधेच आहे.

आजवा_रोड
मीनाताई, हा धागा नोकरीच्या रजेचा आहे. पण परीक्षेचा दिवस अर्जात आधी लिहा आणि फेरपरीक्षा घेतात का तेवढं विचारून ठेवा.

वडसरची_सून
स्वयंपाक करता करता लिहितेय. @मकरपुरावाला डिस्पॅचच्या मुलाचं जमलं का? मी पण अकाउंट्सला आहे, नणंदेचं डोहाळजेवण आहे आणि माझ्याशिवाय ई-वे कोणालाच येत नाही. माझाच पासवर्ड देऊन जाऊ का?

मकरपुरावाला
ताई, आपला पासवर्ड देऊ नका. ई-वेच्या पोर्टलवर सब-युजर करता येतो, त्याला फक्त बिल काढायचा हक्क द्या आणि मोबाइल नंबर त्याचाच टाका. आल्यावर ते लॉगिन गोठवता येतं.

जमलं, कारण जायच्या आधीचा पूर्ण आठवडा बिलं त्यालाच काढायला लावली, मी नुसता शेजारी बसलो. 50,000 च्या वरचा माल आणि किलोमीटर टाकून बिल काढणं त्याला दुसऱ्या दिवशीच आलं. अडला तो गाडी बदलण्यात. टेम्पो बंद पडला की नवीन बिल काढायचं नसतं, त्याच बिलाच्या पार्ट-बी मध्ये दुसऱ्या गाडीचा नंबर टाकायचा. हे त्याच्याकडून दोनदा करून घेतलं. 9 तारखेला भरूचजवळ खरंच टेम्पो बंद पडला. त्याने नंबर बदलला आणि मला संध्याकाळी सातला सांगितलं.

चुकीचं बिल निघालं तर 24 तासांच्या आत रद्द करता येतं, हे एका कागदावर लिहून त्याच्या टेबलावर चिकटवलं होतं.

वडसरची_सून
सब-युजर माहीतच नव्हतं. आज साहेबांशी बोलते. डोहाळजेवण 18 ला आहे, 3बी 20 ला. 17 ला भरून टाकते.

निवृत्त_बँकवाला
17 ला खात्यात कराचे पैसे असतील का हे आधी बघा. 3बी नुसतं भरून होत नाही, त्याबरोबर पैसे जातात. पुष्कळ मालक 19-20 पर्यंत वसुलीची वाट बघतात.

वडसरची_सून
बरोबर काका, आमचे पैसे 19 लाच येतात. मग चलन 19 ला आणि भरणं 20 ला सकाळी, मी 18 चाच एक दिवस मागते.

खारीशेंग
आमच्या कंपनीत शनिवारी आणि सोमवारी रजा घेतली की मधला रविवार पण रजेत मोजतात. हे सगळीकडे आहे का?

नंदेसरी_सी_शिफ्ट
आमच्याकडे नाही. पण मेव्हण्याच्या कंपनीत आहे.

आजवा_रोड
अर्जात "कामाचे दिवस दोन" असं लिहून बघ, एचआर काय उत्तर देतं ते इथे टाक.

रावपुऱ्याची_माई
वडसरच्या सुनेला डोहाळजेवणाला वाडी फुलांची हवी असेल तर खंडेराव मार्केटात सकाळी सातच्या आत जा, नंतर मोगरा उरत नाही.