पीक भरघोस आलं की गावाकडे सोनं खपतंच का?

येवलेकर: चांगलं पीक आलं की खेड्यात सोनेखरेदी वाढते, असं दरवर्षी ऐकतो. नाशिक जिल्ह्यात खरंच तसं होतं का?

पेढीवाला: पीक नका बघू, माल विकून आलेली पट्टी बघा. दोन एकर उन्हाळ कांदा धरा, 200 क्विंटल, भाव 800. आले 1 लाख 60 हजार. एकरी 70 हजार खर्च वजा केला तर हातात 20 हजार. आता माल 150 क्विंटलच, पण भाव 2000. तेवढ्याच खर्चात 1 लाख 60 हजार उरतात. यातला कोण पेढीवर येईल? फेब्रुवारी 2023 मध्ये लाल कांदा उदंड होता आणि काढणीचाही खर्च निघत नव्हता.

आणि पैसा आला तरी आधी गहाण सुटतं. खरीप उभं करताना ठेवलेली पोत सोडवायची, मग नवं. ज्यांच्या घरी लग्न नाही ते वेढणी घेतात, घडणावळ जवळपास नसते आणि मोडायला सोपी.

चांदवडची सून: एक राहिलं दादा. कांदा काढणारे मजूर उक्त्यात, एकराच्या हिशोबाने पैसे घेतात. भाव पडला तरी त्यांची मजुरी चुकत नाही, उलट लागवड जास्त तर काम जास्त. आमच्याकडे सुरगाण्याहून येणाऱ्या बायका जाताना मणी, फुली घेतात. म्हणजे नुसत्या पिकानेही थोडं सोनं खपतंच ना?

पेढीवाला: मजुरांचं खरं आहे. पण ते ग्रॅम-दोन ग्रॅम. पेढीचा हंगाम त्यावर ठरतो असं मला नाही वाटत.

सटाणा_एक्सप्रेस: कशाचं काय, 2025 ला तोळा लाखाच्या वर गेला तेव्हाच गावची खरेदी संपली.

पेढीवाला: संपली नाही, हलकी झाली. पाच तोळ्यांचं ठरलेलं लग्न तीनवर येतं, सासूचा जुना हार मोडून घेतात. गिऱ्हाईक तेवढेच रुपये मोजतं, वजन कमी नेतं. म्हणून नुसती उलाढाल बघून ‘मागणी वाढली’ म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. ग्रॅम विचारा.

दिंडोरीचा बागायतदार: माझी द्राक्षं चांगल्या भावात गेली, पण व्यापाऱ्याने पैसे अडकवलेत. बायकोची पोत बँकेत आहे. आता सोडवू का अजून थांबू?

चांदवडची सून: भाऊ, धागा वेगळा आहे, पण व्याज चढतंय तर आधी सोडवा.

येवलेकर: मग चांगल्या भावाचा पैसा पेढीवर दिसायला किती दिवस लागतात?

पेढीवाला: साठवणीच्या चाळीत भरलेला कांदा दिवाळीपर्यंतही विकतात. एप्रिलला विकला त्याचा पैसा लग्नात, थांबला त्याचा धनतेरसला. भाव कधी चढेल हे कळलं असतं तर मीच चाळ बांधली असती.

सटाणा_एक्सप्रेस: तरी मी म्हणतो, सोन्याचा भाव असाच राहिला तर पोरं सोन्याऐवजी ट्रॅक्टरचा हप्ता भरतील.