शनिवारची पन्हाळा फेरी रद्द : कुणाला, काय, कधी कळवायचं (गुरुवार संध्याकाळ)

अनघा (बी-203): सगळ्यांनी कृपया वाचा. शनिवारची पन्हाळा फेरी रद्द करावी लागतेय. पंचगंगेचं पाणी राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडं चाललंय आणि राधानगरीतून विसर्ग सुरू आहे. केर्लीजवळ पाणी आलं की रत्नागिरी रस्ता बंद होतो, हे आपण 2019 आणि 2021 ला बघितलंय. सकाळी जाताना रस्ता उघडा असेलही, पण दुपारी पोरांना घेऊन परत येताना तो उघडाच असेल हे कोण सांगणार?

बाबासाहेबकाका (ए-101): बरोबर केलंस पोरी. पण लगेच मेसेज टाकू नकोस. त्याच्याऐवजी काय करायचं ते ठरू दे, मग एकदमच सांगूया की. नाहीतर लोक शंभर प्रश्न विचारत बसतील.

अनघा: काका, तेवढं थांबायला नको. बाहेरगावच्या लोकांनी शनिवारी सकाळी सहाला इथं पोचायची तयारी केलीय. एक कुटुंब इचलकरंजीहून आदल्या रात्री पाहुण्यांकडं मुक्कामाला येणार आहे. त्यांना आज रात्री कळलं तर बेत बदलता येईल, उद्या संध्याकाळी कळून काय उपयोग? पर्याय ठरायला वेळ लागू दे, रद्द झालंय ही गोष्ट पक्की आहे ना, ती आत्ताच सांगायची. बाकीचं कधी कळवणार, तेही त्याच मेसेजमध्ये लिहायचं, म्हणजे लोक त्या वेळेपर्यंत थांबतात.

सचिन (सी-402): मी मसुदा टाकतो. "मुसळधार पावसामुळे नदीची पातळी वाढत असून सर्वांच्या सुरक्षिततेचा विचार करून आयोजकांनी अत्यंत जड अंतःकरणाने उद्याचा कार्यक्रम रद्द करण्याचा निर्णय घेतला आहे. तरी सहकार्य करावे."

अनघा: सचिनदादा, यात दोन अडचणी आहेत. शिबिर तीन दिवसांचं आहे आणि रद्द फक्त मधला दिवस. "कार्यक्रम रद्द" एवढं वाचून लोक फोन बंद करतात, मग शुक्रवारचं व्याख्यान आणि रविवारची किल्ला कार्यशाळाही गेली असंच धरतात. शुक्रवारी हॉल रिकामा राहिला तर सरांना बोलावून काय दाखवायचं? दुसरं म्हणजे "उद्या" लिहायचं नाही. हा मेसेज फॉरवर्ड होत राहतो, आणि शुक्रवारी सकाळी वाचणाऱ्याचा "उद्या" वेगळा असतो. आता तर आपण गुरुवारीच लिहितोय, म्हणजे आजच तो शब्द चुकलाय. वार आणि तारीख दोन्ही लिहूया.

हे बघा:

"फक्त शनिवार, 26 जुलैची पन्हाळा फेरी रद्द. शुक्रवार सायं. 6 चं व्याख्यान आणि रविवार सकाळी 9 ची किल्ला कार्यशाळा होणार आहे, जागा तीच, सोसायटी हॉल. कारण : केर्लीजवळ रस्ता पाण्याखाली जाण्याची शक्यता. फेरीचे प्रत्येकी 300 रुपये परत मिळतील. हवे असल्यास ते पुढच्या फेरीसाठी ठेवता येतील, तसं सोमवारी रात्री 9 पर्यंत याच नंबरवर कळवा. काही कळवलं नाही तर पैसे परत करू. रविवारच्या तयारीबद्दल शुक्रवारी सकाळी 11 वाजता मेसेज येईल. मिळाल्याचं 'हो' एवढंच उत्तर द्या."

मीनलवहिनी (ए-304): छान झालाय. पण "कळवलं नाही तर पैसे परत" असं का? उलट ठेवलं तर निम्मे लोक काही कळवणारच नाहीत, आणि पैसे आपल्याकडंच राहतील. पुढच्या फेरीला बसचं भाडं द्यायला बरं.

अनघा: वहिनी, पुढची तारीख अजून आपल्यालाच माहीत नाही. ज्याची तारीख नाही त्याचे पैसे लोकांनी न सांगता धरून ठेवणं मला पटत नाही. शिवाय जे स्वतःहून "ठेवा" म्हणतील ते खरंच येणारे. बससाठी तोच आकडा भरवशाचा.

प्रकाशकाका, खजिनदार (बी-501): बसवाल्याशी बोललो. आगाऊ रक्कम परत मिळणार नाही, पण दोन महिन्यांत दुसऱ्या तारखेला धरतो म्हणाला. तेवढं सोसायटीच्या कार्यक्रम निधीतून भागवू, लोकांच्या पैशातून कापायला नको. एक सांगतो, परतावा मोबाईल नंबरावर करू नका. नोंदणी आईच्या नावावर आणि पैसे भरले मुलाने, असं बऱ्याच ठिकाणी आहे. बँकेच्या स्टेटमेंटवर ज्या यूपीआय आयडीवरून पैसे आलेत, त्यावरच पाठवणार आणि शीटमध्ये व्यवहार क्रमांक लिहिणार.

सचिन: मग ब्रॉडकास्ट लिस्टवर टाकू?

अनघा: ज्यांच्या फोनात माझा नंबर सेव्ह आहे त्यांनाच ब्रॉडकास्ट मिळतो. बाहेरच्या लोकांनी फॉर्म भरलाय, माझा नंबर सेव्ह केलाच असेल असं नाही. म्हणून नोंदणीच्या शीटमधले 41 नंबर तिघांत वाटून घेऊ आणि प्रत्येकाला वेगळा मेसेज करू. ज्यांनी फक्त फेरीची नोंदणी केलीय ते 14 नंबर आधी, आणि त्यांना मेसेजआधी फोन. शुक्रवार-रविवारचं त्यांच्यापुढं तसं काही नाही, त्यांच्यासाठी सगळंच रद्द झालंय. त्यांच्या मेसेजमधून दुसरं वाक्य काढून "शुक्रवारी, रविवारी यायचं असल्यास जागा आहे, सांगा" एवढं घालू. तीन दिवसांवाल्यांना वर लिहिलेलाच मेसेज. ज्यांनी फेरी घेतलीच नव्हती त्यांना पैशांचा मजकूर नको, नाहीतर ते उगाच परतावा मागतील. त्यांना फक्त "तुमच्या दोन्ही कार्यक्रमांत बदल नाही."

निळ्या टिकवर विसंबू नका, काहींनी ती बंद केलेली असते. "हो" आलं की शीटमध्ये खूण करा. एका नंबरावर चार जणांची नोंदणी असेल तर त्या चौघांना कळलंय का, तेही विचारा. उद्या दुपारी बारापर्यंत ज्यांची खूण नाही त्यांना फोन.

बाबासाहेबकाका: मग शनिवारी सकाळी हॉलमध्येच काहीतरी घेऊया की. पोरं रिकामी बसण्यापेक्षा.

अनघा: काका, गड बघायला पैसे भरलेल्यांना हॉलमधला कार्यक्रम ही त्याची भरपाई होत नाही. आणि एका रात्रीत नवीन काही उभं करायला गेलो तर रविवार बिघडेल. रविवारचंच खरं काम आहे. पोरं शनिवारी तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जा कोठी डोळ्यांनी बघून रविवारी मातीचा पन्हाळा करणार होती. न बघता करायचं म्हटलं तर दिवाळीतल्या किल्ल्यासारखा मनाला येईल तसा होईल. आत्ताच सरांशी बोलले. शुक्रवारी व्याख्यानानंतर अर्धा तास जास्त थांबून ते गडाचा नकाशा आणि फोटो दाखवतील. 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा तर सांगणारच होते, तो आता नकाशावर सांगतील. म्हणजे शुक्रवार 6 ला सुरू, पण सुटायला साडेसातऐवजी आठ. पोरांना न्यायला येणाऱ्या पालकांना ही वेळ उद्या अकराच्या मेसेजमध्ये.

मीनलवहिनी: रविवारी नकाशाच्या मोठ्या प्रती लागतील, प्रत्येक गटाला एक. मी राजारामपुरीतून काढून आणते. आणि शनिवारच्या नाश्त्याची ऑर्डर?

अनघा: रद्द करा वहिनी, रात्री नऊच्या आत. रविवारच्या चहाची तशीच ठेवा, दोन्ही एकाच माणसाकडं आहेत, त्यानं सगळंच रद्द धरायला नको.

सचिन: जुनं वेळापत्रक बाकीच्या ग्रुपवर फिरतंय. डिलीट करू?

अनघा: आपण टाकलेलं डिलीट झालं तरी फॉरवर्ड झालेलं तसंच राहतं. त्याच चित्रात शनिवारच्या चौकटीवर लाल रंगात "रद्द" लिहून नवीन चित्र टाका, वर "सुधारित, गुरुवार 24 जुलै, रात्री 8". दोन्ही शेजारी दिसली तर नवीन कुठलं ते कळेल. एक प्रिंट गेटवर. आणि शनिवारी पावणेसहा ते साडेसहा गेटवर कोणीतरी उभं राहायला हवं. एवढं करूनही एखादं कुटुंब येतंच.

बाबासाहेबकाका: मी उभा राहतो. मी तसाही पाचला उठतोच. शीटची प्रत दे मला, कुणी आलं तर रविवारचं सांगून, चहा पाजून पाठवतो.

अनघा (शुक्रवार, दुपारी 12:40): 41 पैकी 36 "हो" आलेत. तीन जण फोनवर भेटले. उरलेले दोन नंबर लागत नाहीत, दोघंही फक्त फेरीवाले. काका, त्यांची नावं शीटवर सगळ्यात वर ठेवलीत. प्रकाशकाका, या दोघांचा परतावा आजच पाठवा म्हणजे पैसे आल्याचा संदेश बघून तरी ते फोन करतील.