कानशिलांवरचे केस विरळ झालेत, घट्ट पोनीमुळे असेल का? मदत हवी आहे

निळीछत्री:
माझे केस कमरेपर्यंत आहेत. कामावर एकही बट सुटलेली चालत नाही, म्हणून चार वर्षं आठवड्यातले सहा दिवस उंच पोनी. तीही नहाल्यावर ओल्या केसांचीच, कारण ओले केस चापूनचोपून बसतात. रात्री घट्ट वेणी. परवा एका फोटोत दिसलं की दोन्ही कानशिलांवर बोटभर पट्टा विरळ झालाय. गंमत म्हणजे अगदी कडेला बारीक मऊ केस आहेत, त्यांच्या मागे मात्र टाळू दिसते. त्याच भागात केसांवर पांढरे कण आहेत. लिखा समजून दोनदा उवांचं औषध लावलं, काही उपयोग झाला नाही. संध्याकाळी रबर काढला की डोकं हुळहुळतं. केस कापायचे नाहीत, बाकी काहीही सांगा.

सुगरण_७:
कोंडा असणार. रोज तेल चोळून घट्ट वेणी घाला, मुळं बळकट होतात. ओले केस बांधणं मात्र बंद करा.

पेडवेणी:
ओल्या केसांबद्दल सुगरण बरोबर बोलल्या, बाकी नको. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. घट्ट वेणीने मुळं बळकट होत नाहीत, ओढली जातात.

वीस वर्षं केस कापण्या-बांधण्याचं काम केलंय, त्यामुळे विचारते. तो पांढरा कण दोन नखांत धरून केसावरून टोकाकडे ओढून बघा. लीख केसाच्या एका बाजूला घट्ट चिकटलेली असते, सहज सरकत नाही. कोंडा झटकला की पडतो. हा कण मण्यासारखा केसाभोवती असेल आणि सहज सरकला, तर ते मुळाभोवतीचं आवरण आहे, ताणामुळे केसाबरोबर बाहेर आलेलं. कडेचे बारीक केसही त्याच कथेत बसतात. आखूड म्हणून ते पोनीत येतच नाहीत, म्हणून वाचतात.

त्या जागी पुरळ आहे का?

निळीछत्री:
सरकला! अगदी मण्यासारखा. डावीकडे तीन-चार लाल पुटकुळ्या आहेत, दुखतात.

आईची_लगबग:
मलाही बाळ तीन महिन्यांचं असताना हेच झालं होतं. काही करू नका, आपोआप थांबतं.

पेडवेणी:
बाळंतपणानंतर केस सगळ्या डोक्यावरून गळतात, कानशिलांवर जरा जास्त दिसतं इतकंच. इथे गळती नेमकी ओढ बसते तिथे आहे. इथे ‘काही करू नका’ चालणार नाही, ओढ थांबवावीच लागेल. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मुळाच्या जागी व्रण होतो आणि मग तिथे केस येत नाहीत.

निळीछत्री, पुटकुळ्या आहेत म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवाच. कातडी गुळगुळीत, चकचकीत दिसू लागली किंवा भुवयाही विरळ होत असतील, तर तेही सांगा. ते वेगळं दुखणं असू शकतं.

आता बांधण्याबद्दल. केस वाळल्यावर मानेजवळ, खाली बांधा. कंगव्याने मागे खेचू नका, बोटांनीच गोळा करा. सागरवेणी सध्या नकोच, ती कपाळापासूनच बटा खेचत जाते. साधी तीनपेडी घालताना पहिले दोन-तीन वेढे मुद्दाम सैल, घट्टपणा मानेच्या खाली. बांधून झाल्यावर भुवया उंचावा. कानशिलावर ओढ जाणवली तर सोडून परत बांधा. रबराऐवजी जाड कापडी स्क्रंची. घरी क्लचर किंवा काडीचा सैल अंबाडा, तोही रोज एकाच जागी नको. लांब केसांचा भार एका बिंदूवर टांगला की सैल पोनीसुद्धा ओढते. रात्री खांद्याखालून सुरू होणारी ढिली वेणी पुरे.

जुनाखोड:
आमच्या आत्या आयुष्यभर कचकचीत अंबाडा घालत. नव्वदीतही केस दाट.

पेडवेणी:
सगळ्यांनाच होतं असं नाही. पण आत्यांच्या कपाळावरची केसांची रेषा तरुणपणीच्या फोटोशी ताडून बघा एकदा.

निळीछत्री:
आठवडा झाला. हुळहुळणं तिसऱ्या दिवशीच थांबलं. डॉक्टरांनी पुटकुळ्यांसाठी औषध दिलं. मुळं अजून जिवंत दिसतात म्हणाले, पण किती केस परत येतील ते आत्ता सांगता येणार नाही. अडचण एकच, सैल अंबाडा दुपारपर्यंत ओघळतो. कामावर काडी आणि क्लचर चालत नाहीत.

पेडवेणी:
मग सैल वेणी घालून तीच मानेवर गुंडाळा आणि चार-पाच यू पिना चारी बाजूंनी लावा, म्हणजे भार वाटला जाईल. पुढच्या बटांसाठी मऊ कापडी टोपी चालत असेल तर विचारा. केस महिन्याला साधारण सेंटीमीटरभरच वाढतो, त्यामुळे तीन महिने तरी रोज आरशात बघू नका. महिन्याला एकदा, त्याच उजेडात फोटो काढा.

निळीछत्री:
टोपीचं उद्या विचारते. पिना धातूच्या चालतील की नाही, हेही.